पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा आणि आठ स्लाइड्स: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदारांना स्वतःच्या खात्यातून एक रुपयाही काढता येत नव्हता. शाखांबाहेर जमलेल्या लोकांचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत राज्यभर फिरले.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी या बँकेची शाखा नव्हती, पण व्हिडिओ तिथेही पोचले. गावात एक नागरी सहकारी बँक आहे, जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा आहे, दोन राष्ट्रीयीकृत बँका आहेत आणि पतसंस्था तर गल्लोगल्ली आहेत. दोन दिवसांत स्थानिक बँकेच्या काउंटरवर लोक 'मुदतठेव मोडायची आहे' म्हणून येऊ लागले. व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी फिरत होत्या. बँक बुडाली तर लाखभरच मिळतात, ही एक. सहकारी बँकांना विमाच नसतो, ही दुसरी. आणि तिसरी अगदी उलटी: सरकार शेवटी सगळे पैसे देतंच, काळजी कशाला?

त्या गावात एक छोटं ग्राहक मार्गदर्शन केंद्र आहे. एक निवृत्त बँक अधिकारी, एक सीए, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आणि डीटीपीचं दुकान चालवणारा एक तरुण, एवढीच मंडळी. त्यांनी 'गैरसमज आणि वस्तुस्थिती' असं कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवत बघायच्या स्लाइड्सची पोस्ट, करायचं ठरवलं. इन्स्टाग्रामवर टाकायचं आणि त्याच स्लाइड्स व्हॉट्सॲप ग्रुपांवर पाठवायच्या. मजकूर तपासायला माझ्याकडे आला. गावाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

अडचण

पहिला मसुदा दिसायला झकास होता. पहिल्या स्लाइडवर काळी पार्श्वभूमी, बंद शटरसमोरची गर्दी आणि लाल अक्षरांत 'तुमचे पैसे खरंच सुरक्षित आहेत का?' दुसऱ्या स्लाइडवर वर मोठ्या टायपात 'गैरसमज: बँकेतले सगळे पैसे सुरक्षित असतात', खाली 'सत्य: फक्त ५ लाख सुरक्षित!' तिसऱ्या स्लाइडवर दिलासा होता: '९० दिवसांत पैसे हातात!'

यातलं एकही वाक्य सरळ खोटं म्हणता येणार नाही, पण तिन्ही वाक्यांत गोची आहे.

रिझर्व्ह बँकेची उपकंपनी असलेल्या डीआयसीजीसीचा ठेव विमा प्रत्येक बँकेत, प्रत्येक ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत असतो. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. त्याआधी ती एक लाख होती आणि १९९३ पासून तेवढीच होती. 'लाखभरच मिळतात' हा समज काही कुणी मुद्दाम पसरवलेला नव्हता. पंचवीसेक वर्षं तोच नियम होता आणि लोकांना तो पक्का ठाऊक होता. अशा माणसाला 'हा गैरसमज आहे' म्हटलं की तो चिडतो. 'नियम २०२० मध्ये बदलला' म्हटलं की ऐकून घेतो.

'फक्त ५ लाख सुरक्षित' वाचून असं वाटतं की बँक अडचणीत आली की पाच लाखांवरचे पैसे गेलेच. तसं नसतं. बँक अवसायनात निघाली, तर विम्यापलीकडच्या रकमेवर ठेवीदाराचा दावा कायम राहतो आणि मालमत्ता विकून जे येईल त्यातून तो काही प्रमाणात भागू शकतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तर पुढचं सगळं त्या योजनेत काय ठरतं त्यावर असतं. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तिथे मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत देण्याची योजना झाली. पैसे पूर्ण बुडाले नाहीत, पण मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे दहा वर्षांनी मिळण्यात काय समाधान! हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच स्लाइडवर बसवायचं होतं.

'९० दिवसांत पैसे हातात' हे वाक्यही असंच. सप्टेंबर २०२१ पासून कायद्यात तशी तरतूद आहे. बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, ती तपासून डीआयसीजीसीने एकूण ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम द्यायची. पण ठेवीदाराने संमतीपत्र, केवायसीची कागदपत्रं आणि पैसे जमा करायला दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील वेळेत दिला तरच त्याचं नाव त्या यादीत येतं. शिवाय विलीनीकरणाची योजना चालू असेल, तर ही मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत वाढू शकते. आपोआप काही होत नाही. घरी बसून वाट पाहणारा माणूस नेमका इथेच मागे राहतो.

आणि मसुद्यात एक गोष्ट नव्हतीच: पतसंस्था. या गावातले निम्मेअधिक लोक 'बँकेत टाकलेत' म्हणतात तेव्हा पैसे पतसंस्थेत असतात. पासबुक तसंच, काउंटर तसाच, रोज दुकानात येऊन पिग्मी गोळा करणारा एजंटही तसाच. पण पतसंस्था ही बँक नाही, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिथल्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा लागू नाही. 'सहकारी बँकेलाही पाच लाखांचा विमा असतो' एवढंच सांगून थांबलो असतो, तर पतसंस्थेतला ठेवीदार तो दिलासा आपल्याला लागू करून घेऊन निश्चिंत झाला असता. एका शब्दानेही खोटं न बोलता आपण त्याला फसवलं असतं.

समोर असलेले पर्याय

केंद्राच्या बैठकीत खरी चर्चा पतसंस्थेच्या स्लाइडवरच झाली. निवृत्त अधिकारी म्हणाले, "साहेब, हे आत्ता लिहिलं तर उद्या सकाळी इथल्या पतसंस्थांसमोर रांग लागेल. चांगल्या चाललेल्या संस्थेलाही रांग झेपत नाही." ते बरोबरच होतं. कुठलीही बँक किंवा पतसंस्था ठेवींचा मोठा हिस्सा कर्जाऊ देते. सगळ्यांनी एकदम पैसे मागितले तर धडधाकट संस्थाही अडते, आणि मग अफवा खरी ठरते. सीएंचं मत उलट होतं. ज्याच्या ठेवीला विमाच नाही त्याला सगळ्यात आधी हे कळायला हवं, असं ते म्हणत होते.

तीन वाटा दिसत होत्या. पतसंस्थेचा विषय सोडून द्यायचा आणि कॅरोसेल निव्वळ बँकांपुरतं ठेवायचं. किंवा वातावरण निवळल्यावर महिनाभराने पतसंस्थांवर स्वतंत्र पोस्ट करायची. किंवा आत्ताच लिहायचं, पण सोबत ठेवीदाराला तपासणीचा एक ठोस रस्ता द्यायचा.

पहिली वाट मला मान्य नव्हती, कारण वर सांगितलेली फसगत. दुसरी मोहक होती. पण महिनाभराने लोकांचं लक्ष दुसरीकडे असतं, आणि दरम्यान बँकेतून पैसे काढून जास्त व्याजाच्या पतसंस्थेत टाकणारे लोक निघालेच असते. भीतीपोटी माणूस विमा असलेल्या जागेवरून विमा नसलेल्या जागी जातो, हा धोका कुणाच्या डोक्यातच नव्हता. बाईंनी तो बोलून दाखवला. त्यांच्या शेजाऱ्यांनी सहकारी बँकेतली ठेव मोडून पतसंस्थेत टाकायचं ठरवलं होतं, 'ओळखीची माणसं आहेत' म्हणून. हे ऐकल्यावर निवृत्त अधिकाऱ्यांचा विरोध गळाला आणि तिसरी वाट ठरली.

दुसरा निर्णय मांडणीचा होता. कॅरोसेल करणारे एक गोष्ट धरून चालतात की वाचक पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत क्रमाने बोट फिरवत जाईल. इन्स्टाग्रामवर काही जण तसं करतातही. व्हॉट्सॲपवर मात्र प्रत्येक स्लाइड सुटा फोटो होते. आठांतली जी सगळ्यात सनसनाटी ती पुढे जाते, बाकीच्या मागे राहतात. म्हणजे 'गैरसमज' मोठ्या अक्षरांत आणि 'वस्तुस्थिती' पुढच्या स्लाइडवर असेल, तर आपण स्वतःच्या हाताने गैरसमजाचं पोस्टर छापून वाटतो. एकाच स्लाइडवर दोन्ही असले तरी घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात मोठ्या टायपातलं राहतं. म्हणून ठरलं की प्रत्येक स्लाइडचं शीर्षक खऱ्या विधानाचं असेल, समज खाली लहान अक्षरांत एका ओळीत येईल, आणि स्लाइड एकटी सापडली तरी पूर्ण कळेल.

काय केलं

गर्दीचा फोटो काढला. काळा-लाल रंग काढून साधी पांढरी पार्श्वभूमी घेतली. डीटीपीवाल्या मुलाला हे पटलं नाही, "कुणी थांबून बघणार नाही हो" म्हणाला. त्याचं म्हणणं रास्त होतं, पण आधीच घाबरलेल्या माणसाला थांबवायला लाल रंग लागत नाही.

पहिली स्लाइड: 'ठेव विमा: कुठल्या ठेवींना, किती रकमेपर्यंत?' दुसरी: 'प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंत विमा. सहकारी बँकांनाही.' खाली लहान ओळ: 'आधी १ लाख होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख.' 'फक्त' काढला आणि उद्गारचिन्हं सगळीकडची काढली.

तिसऱ्या स्लाइडवर उदाहरण घेतलं, कारण नियम वाचून लोक माना डोलवतात आणि आकडेमोड चुकीचीच करतात. एका ठेवीदाराची एकाच बँकेच्या मुख्य शाखेत ३,००,००० रुपयांची मुदतठेव आहे, बाजारपेठेतल्या शाखेत बचत खात्यावर १,८०,००० आहेत आणि दोन्हींवर मिळून ३२,००० व्याज साठलं आहे. शाखा दोन असल्या तरी बँक एकच, त्यामुळे सगळं एकत्र धरलं जातं. बेरीज ५,१२,०००. विमा ५,००,०००. वरचे १२,००० विम्याबाहेर, पण त्यांच्यावरचा दावा राहतो. आता याच माणसाचं पत्नीसोबत संयुक्त खातं आहे आणि त्यात २,५०,००० आहेत. ते वेगळ्या नात्याने ठेवलेले पैसे धरतात, म्हणून त्यांना स्वतंत्र विमा मिळतो. नॉमिनी नेमल्याने मात्र विम्याची रक्कम वाढत नाही.

सीएंना यात आणखी एक मुद्दा घालायचा होता. या माणसावर त्याच बँकेचं ९०,००० रुपयांचं सोनेतारण कर्ज असेल, तर बँक ते आधी ठेवींतून वळतं करून घेऊ शकते आणि विमा उरलेल्या ४,२२,००० ला लागतो. हे महत्त्वाचं आहे यात वाद नाही, पण त्या स्लाइडवर बसेना. ते पोस्टखालच्या मजकुरात टाकलं. संयुक्त खात्यांत नावांचा क्रम बदलला तर काय होतं, हेही असंच बाहेर ठेवलं. ते वाचून लोक खाती उलटसुलट करत बसतील आणि अर्धवट समजून चुकतील, अशी धास्ती होती. चौथ्या स्लाइडवर मोजणीच्या या पायऱ्या फक्त शब्दांत दिल्या आणि स्वतःचा हिशोब करायला मोकळ्या ओळी ठेवल्या.

पाचव्या स्लाइडवर पाच लाखांवरच्या रकमेचं काय होतं ते पीएमसीच्या उदाहरणासह आलं. सहाव्याचं शीर्षक होतं 'निर्बंध म्हणजे परवाना रद्द नव्हे'. खाली ९० दिवसांची तरतूद आणि ठेवीदाराने द्यायची तीन कागदपत्रं. 'हातात' च्या जागी 'कागदपत्रं वेळेत दिल्यास' आलं, आणि विलीनीकरणात मुदत वाढू शकते हेही.

सातवी स्लाइड पतसंस्थेची. सगळ्यात जास्त वेळा लिहिली गेली ती हीच. शेवटी अशी ठरली: 'पतसंस्थेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नसतो. म्हणून संस्था तपासून ठेव ठेवा.' पुढे तपासायचं कसं ते. संस्थेचा लेखापरीक्षण वर्ग विचारा: अ, ब, क की ड. ३० सप्टेंबरपर्यंत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिथला वार्षिक अहवाल मागा आणि त्यात थकबाकी मागच्या वर्षीपेक्षा वाढली की घटली ते बघा. व्याज शेजारच्या बँकांपेक्षा बरंच जास्त असेल तर का, ते विचारा. शंका असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात जा. कुठल्याही संस्थेचं नाव घेतलं नाही. 'पतसंस्था धोकादायक असतात' असंही कुठे म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. विमा नसणं आणि संस्था बुडणार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आठव्या स्लाइडवर बँक विमाधारक आहे का ते कसं पाहायचं. सप्टेंबर २०२४ पासून बँकांना आपल्या संकेतस्थळावर डीआयसीजीसीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड लावायला सांगितलेलं आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून घेत नाही, हेही तिथेच. 'विमा चालू करायला' पैसे किंवा ओटीपी मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचा, ही ओळ बाईंनी सुचवली. अशा वातावरणात ठग लगेच जागे होतात.

पोस्ट करण्याआधी स्लाइड्स काही जणांना दाखवल्या: चहाच्या टपरीवाल्याला, शाळेतल्या शिपायाला, एका किराणा दुकानदाराला. 'कळलं का?' असं विचारायचं नाही, कारण सगळे 'हो' म्हणतात. प्रश्न एकच: "हे वाचून उद्या सकाळी काय कराल?" शिपायाने सातव्या स्लाइडचा आधीचा मसुदा वाचला आणि म्हणाला, "उद्या जाऊन काढून आणतो." त्या मसुद्यात पहिलंच वाक्य 'विमा नाही' असं मोठ्या टायपात होतं आणि तपासणीच्या ओळी खाली बारीक होत्या. दोन्ही एकाच टायपात आणि एकाच परिच्छेदात आणल्यावर दुसऱ्याने उत्तर दिलं, "अहवाल मागतो. देतात का बघू." तेव्हाच ती स्लाइड पक्की केली.

परिणाम

इन्स्टाग्रामवर पोस्ट फार चालली नाही. व्हॉट्सॲपवर सातवी स्लाइड सगळ्यात जास्त फिरली, बाकी सातांपासून तुटून, एकटीच. ती एकटी पुरी पडेल अशी केलेली होती म्हणून बरं. एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचा केंद्राला रागाचा फोन आला. निवृत्त अधिकाऱ्यांनी त्यांना स्लाइड वाचून दाखवली आणि विचारलं, "अध्यक्षसाहेब, यात चूक काय आहे ते सांगा, दुरुस्त करतो." चूक काही निघाली नाही. आठवडाभरात त्या संस्थेने आपला लेखापरीक्षण वर्ग दर्शनी फलकावर लावला. याचं श्रेय स्लाइडला द्यायचं की सभासदांच्या चौकशीला, ते मी ठरवणार नाही.

केंद्रात येणारे प्रश्न बदलले. आधी लोक 'आपली बँक बुडणार का?' विचारत. नंतर 'माझं आणि मुलाचं संयुक्त खातं वेगळं धरतात का?', 'दोन शाखांतलं एकत्र होतं का?' असं विचारू लागले. ठेवी मोडणं मात्र पूर्ण थांबलं नाही. चार लाखांची ठेव असलेले, म्हणजे पूर्ण विम्याच्या आत असलेले काही जणही ठेव मोडून मोकळे झाले. मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेव राहिली तितक्याच काळाचा दर मिळतो, आणि त्यातूनही बऱ्याच ठिकाणी एखादा टक्का कापतात. विमा पूर्ण असताना त्यांनी स्वतःहून तोटा घेतला.

पुन्हा करायचं झालं तर

'ठेव मोडण्याआधी हे मोजा' अशी एक स्लाइड मी नक्की घालेन, आणि ती तिसऱ्या क्रमांकावर. विमा किती हे सांगितलं, पण घाबरून घेतलेल्या निर्णयाची किंमत किती हे सांगितलं नाही. लोकांना दोन आकडे समोरासमोर हवे असतात: एका बाजूला विम्याबाहेरची रक्कम, दुसऱ्या बाजूला मोडल्यावर हुकणारं व्याज. ज्याची पहिली रक्कम शून्य आहे त्याला मोडायचं कारणच उरत नाही.

दुसरं, प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात तारीख. त्याच फेब्रुवारीत विम्याची मर्यादा वाढवण्याचा विचार चालू असल्याचं केंद्रीय वित्तीय सेवा सचिवांनी सांगितलं, आणि लगेच 'मर्यादा वाढली' असे संदेश फिरू लागले. आपली 'पाच लाख' म्हणणारी स्लाइड शेजारी पडली की वाचकाला यातली नवी कोणती ते कळत नाही. पहिल्या स्लाइडवर तारीख होती, पण सुट्या फोटोला तिचा काय उपयोग?

संयुक्त खात्यांचा विषय मी अजूनही कॅरोसेलमध्ये पूर्ण घेणार नाही. त्यावर केंद्रात रविवारी तासभर बसून लोकांची पासबुकं समोर ठेवून बोलणं जास्त उपयोगी पडलं. नावांचा क्रम, अज्ञान मुलाचं खातं, भागीदारी फर्मचं खातं, प्रत्येकाचं वेगळं. आठ स्लाइड्समध्ये ते कोंबलं असतं, तर पुढचे गैरसमज आम्हीच पेरले असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. केंद्राने सहाव्या स्लाइडवर निर्बंधांनंतर काय झालं याची एक ओळ घालून, नवी तारीख टाकून ती पुन्हा पाठवली. जुनी स्लाइड अजूनही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येते, तेव्हा बाई तिच्याखाली नवी चिकटवतात.